एक मीटर, चार बिऱ्हाडं: बिल वाटायचं कसं?

*"नमस्कार. आम्ही चिंचवडला एका तीन मजली घरात भाड्याने राहतो. घरात चार कुटुंबं, पण महावितरणचं मीटर एकच. आत्तापर्यंत बिल चौघांत सारखं वाटून घेत होतो. आम्ही दोघंच आहोत, आमच्याकडे एसी नाही की गीझर नाही. वरच्या मजल्यावर एसी बसल्यापासून बिल दहा हजारांच्या वर जातंय. कुरबुरी वाढल्या म्हणून मालकांनी प्रत्येकाला सबमीटर बसवून दिलं आणि आता ते युनिटला सरसकट 18 रुपये मागतात. चारही सबमीटरची बेरीज मोठ्या मीटरशी जुळत नाही ती नाहीच. यातली न्याय्य वाटणी कोणती?" — एक वाचक, चिंचवड*

सरसकट 18 रुपये हा दर आधी बाजूला ठेवा. कुठल्याही ठरीव दरात एक खोट असते: बिल दर महिन्याला वेगळ्या सरासरीने येतं आणि वसुली मात्र एकाच दराने होते. उन्हाळ्यात मालकांचं फारसं सुटत नसेल, पण पावसाळ्यात वापर उतरला की चौघांकडून जमा झालेली रक्कम बिलापेक्षा बरीच जास्त होते. मालकांचा हेतू वाईटच असेल असं नाही. बऱ्याचदा हिशेबाची कटकट नको म्हणूनच असा दर ठरतो. पण चौघांकडून मिळून जमा होणारी रक्कम बिलाएवढीच असली पाहिजे, हे आधी पक्कं करून घ्या. त्यासाठी दर महिन्याला मूळ बिलाची प्रत चौघांनाही मिळायला हवी.

ती प्रत हातात आली की खालचा रकाना बघा. घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर 16 टक्के वीज शुल्क असतं. स्थिर आकार एक युनिट जाळलं तरी तेवढाच. वीज आकार मात्र टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, 301 ते 500 त्याहून महाग आणि 500 च्या वर सगळ्यात महाग. चार घरांचा वापर एका मीटरवरून गेला, की स्वस्त टप्पा चौघांत मिळून फक्त 100 युनिटांचाच मिळतो. तुमच्या भांडणाचं मूळ इथे आहे.

आकड्यांत पाहू. दर वरचेवर बदलतात, म्हणून वहन आणि इंधन धरून गोल दर घेतले आहेत: पहिल्या टप्प्याला 6 रुपये, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 16 आणि शेवटच्याला 18. स्थिर आकार 130 रुपये. तुम्ही हेच गणित तुमच्या बिलावरचे दर घालून करा. समजा, मोठ्या मीटरवर महिन्याला 640 युनिटं आली. तुमची 85, शेजारच्यांची 105, तळमजल्याची 130 आणि एसीवाल्यांची 290. सबमीटरची बेरीज झाली 610. उरलेली 30 युनिटं कुठे गेली ते पुढे पाहू.

पहिल्या 100 युनिटांचे 600, पुढच्या 200 चे 2,400, त्यापुढच्या 200 चे 3,200 आणि उरलेल्या 140 चे 2,520. एकूण 8,720. त्यात स्थिर आकार 130 मिळवला आणि 16 टक्के शुल्क लावलं की बिल होतं 10,266 रुपये.

सारखी वाटणी केली तर प्रत्येकी 2,566 रुपये आणि काही पैसे. तुम्ही 85 युनिटं वापरून एवढे भरणार. म्हणजे युनिटला तीस रुपये पडले, हे उघड चुकीचं. मालकांच्या 18 रुपयांनी सबमीटरच्या 610 युनिटांचे 10,980 जमा होतात, म्हणजे 714 रुपये जास्त. आता तोच दर पावसाळ्यात लावून बघा. मोठ्या मीटरवर 400 युनिटं आली, सबमीटरची बेरीज 375 झाली, तर बिल 5,487 येईल आणि वसुली 6,750 होईल. बाराशेवर रुपये कुणाच्या खिशात गेले, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

साधी आणि चौघांनाही कळेल अशी पद्धत अशी. बिलातून स्थिर आकार शुल्कासह वेगळा काढा: 130 चे शुल्क धरून 150 रुपये 80 पैसे, प्रत्येकी 37 रुपये 70 पैसे. तो सारखा वाटा, कारण मीटर चौघांच्याही कामाचं आहे. राहिले 10,115 रुपये 20 पैसे. त्यांना मोठ्या मीटरच्या 640 युनिटांनी भागा. सबमीटरच्या 610 ने भागायचं नाही, हे लक्षात ठेवा. दर आला 15 रुपये 80 पैशांच्या जवळपास. सामायिक 30 युनिटं चौघांत साडेसात-साडेसात धरा. म्हणजे तुमची साडेब्याण्णव युनिटं. तुमचा वाटा स्थिर आकारासह 1,500 रुपये, शेजारच्यांचा 1,816, तळमजल्याचा 2,211 आणि एसीवाल्यांचा 4,740. पूर्णांक करताना एखादा रुपया इकडे-तिकडे होतो. तो कुणाकडे धरायचा ते आधीच ठरवून टाका, दर महिन्याला चर्चा नको.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. ज्यांच्या एसीमुळे बिल महागड्या टप्प्यात गेलं, त्यांच्या युनिटचाही दर तोच आणि तुमच्याही युनिटचा तोच? त्यांच्या युनिटांमुळे टप्पा चढला हे खरं. पण तुमची 85 युनिटं आधी आली आणि त्यांची नंतर, असा क्रम मोठ्या मीटरला ठाऊक नसतो. म्हणून क्रम न लावता एक तोडगा काढता येतो. प्रत्येकाचं मीटर वेगळं असतं तर वीज आकार किती आला असता ते काढा आणि बिल त्या प्रमाणात वाटा.

तुमची साडेब्याण्णव युनिटं पहिल्याच टप्प्यात बसतात, म्हणून 555 रुपये. शेजारच्यांची एकशे साडेबारा, त्यांचे 750. तळमजल्याची एकशे साडेसदतीस, त्यांचे 1,050. एसीवाल्यांची दोनशे साडेसत्त्याण्णव, त्यांचे 2,970. बेरीज 5,325. प्रत्यक्ष वीज आकार 8,720. म्हणजे प्रत्येकाच्या रकमेला 8,720 भागिले 5,325, अर्थात 1.6376 ने गुणायचं. मग शुल्क आणि स्थिर आकाराचा वाटा मिळवला की तुमचे 1,092 येतात, शेजारच्यांचे 1,462, तळमजल्याचे 2,032 आणि एसीवाल्यांचे 5,679. इथेही एक रुपया कमी पडतो, तो सगळ्यात मोठ्या बिलात घाला. फरक बघा: पहिल्या पद्धतीपेक्षा तुमचे चारशे रुपये वाचतात आणि एसीवाल्यांना साडेनऊशेच्या आसपास जास्त पडतात.

कुठली निवडावी? वापर साधारण सारखा असेल, कुणीच दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वापरत नसेल, तर पहिलीच बरी. एका ओळीत समजते आणि कुणी आकडेमोड तपासली तर भांडण होत नाही. एखादं घर तिपटीने वीज खातंय, तर दुसरी जास्त न्याय्य ठरते. तुमच्या घरात ती परिस्थिती आहे, म्हणून आम्ही दुसरीच सुचवू. मात्र एसीवाल्यांना ही वाटणी सांगताना त्यांचीही बाजू ध्यानात घ्या. त्यांचं मीटर वेगळं असतं तर त्यांना शुल्कासह जेमतेम 3,600 रुपये पडले असते. 5,679 भरून तेही तुमच्याइतकेच नाडले जातात.

चौघांचं वेगळं बिल मिळून किती झालं असतं ते काढून बघा. चार घरांचे चार स्थिर आकार धरूनही एकूण 6,780 च्या आसपास. आज भरता 10,266. म्हणजे महिन्याला जवळपास साडेतीन हजार रुपये केवळ मीटर एक आहे म्हणून जातात, आणि हे पैसे कुठल्याही वाटणीने परत येत नाहीत. वाद घालण्याआधी हा आकडा चौघांनी आणि मालकांनी एकत्र बसून बघायला हवा. याच वापराने वर्षाचा हिशेब चाळीस हजारांच्या घरात जातो. त्यापुढे नव्या जोडण्यांचा खर्च फार वाटणार नाही.

वेगळ्या मीटरसाठी वीज कायदा, 2003 चं कलम 43 तुमच्या बाजूचं आहे. जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर कंपनीने जोडणी द्यायची असते. व्यवहारात अडतं ते दोन ठिकाणी. एक, सवलतीचा टप्पा दोनदा घेण्यासाठी एकाच घरात दोन मीटर मागितले जातात, म्हणून महावितरणचे अधिकारी जागा खरोखर वेगळी आहे का ते बघतात. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि आतून एकमेकांत न जाणारं वायरिंग, एवढं असलं पाहिजे. तुमच्या चारही घरांचं तसं असेल तर अडचण सहसा येत नाही. दोन, मालकांची संमती. भाडेकरू बिल थकवून निघून जाईल ही मालकांची भीती रास्त आहे. त्याला सोपा उतारा असा की चारही मीटर मालकांनी स्वतःच्याच नावावर घ्यावीत आणि पंप-जिन्यासाठी जुनंच मीटर ठेवावं. बिल त्यांच्या नावाने येईल, भरायचं त्या-त्या भाडेकरूने. जागेचे पुरावे, भाडेकरार आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा वायरिंगचा चाचणी अहवाल तयार ठेवा. वायरिंग बदलायला लागलं तर त्याचा खर्च मालकांचा की चौघांचा, ते अर्जाआधी बोलून घ्या.

हे होईपर्यंत सबमीटरवरच चालवावं लागणार. तर मग ती उरलेली 30 युनिटं.

फरक असणं हा दोष नाही. पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे कुणाच्याच सबमीटरमागे नसले तर फरक पडणारच. पंप एक अश्वशक्तीचा असेल तर चालताना साधारण एक किलोवॉट घेतो. रोज पाऊण तास चालला तर महिन्याला बावीस-तेवीस युनिटं. जिन्यात 9 वॉटचे दोन एलईडी दिवे बारा-बारा तास जळले तर साडेसहा युनिटं. बेरीज 29. मग 30 चा फरक सरळ आहे. तुमच्या घरी पंप किती वेळ चालतो ते घड्याळ लावून एक आठवडा लिहून ठेवा, आकडा काढा आणि त्याच्याशी फरक ताडून बघा. पंप-दिव्यांपेक्षा फरक बराच जास्त असेल, तरच पुढची तपासणी करायची.

उलट, बेरीज तंतोतंत जुळली तरी हुरळून जाऊ नका. पंपाची वायर नेमकी तळमजल्याच्या सबमीटरनंतर जोडलेली असते, असं बऱ्याच घरांत दिसतं, कारण इलेक्ट्रिशियनला तिथूनच वायर ओढणं सोपं पडतं. तसं असेल तर चौघांचं पाणी एकटा तळमजला चढवतोय. तपासायची रीत सोपी आहे. तळमजल्याचा मुख्य स्विच बंद करा आणि पंप चालू करून बघा. पंप चालला नाही, तर तो त्यांच्याच मागे आहे. चालला, तर तो बहुधा त्यांच्या मागे नाही. अशीच चाचणी प्रत्येक घराच्या मुख्य स्विचने जिन्याच्या दिव्यांचीही करा.

आता सबमीटर खरंच बरोबर धावतंय का. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, उदाहरणार्थ `3200 imp/kWh`. म्हणजे एका युनिटात तो 3,200 वेळा लुकलुकतो. तुमच्या घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचाही प्लग काढा. दिवा पूर्ण थांबला पाहिजे. थांबला नाही तर तुमच्या मीटरमागून दुसरं कुणी वीज घेतंय, नाहीतर कुठेतरी गळती आहे. मग 1,500 वॉटचा पाणी तापवायचा रॉड, बादली पूर्ण भरून, तेवढाच चालू करा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. 80 च्या जवळपास यायला हवी. वीज कमी दाबाची असेल तर रॉड कमी खेचतो आणि आकडा साठ-सत्तरवर येतो, म्हणून एका मीटरवर निकाल देऊ नका. तोच रॉड एकाच संध्याकाळी चारही घरांत लावा आणि चार आकडे शेजारी-शेजारी लिहा. एकाचा आकडा बाकी तिघांपासून लांब गेला तर त्या मीटरवर बोट ठेवा. वेगवेगळ्या कंपनीच्या मीटरवर 1600 किंवा दुसरा आकडा छापलेला असू शकतो, त्या प्रमाणात मोजा. पाण्यात रॉड चालू असताना बादलीला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

चारही मीटर चांगली, तरी हिशेब लागत नाही, असं झालं तर संशय न्यूट्रलवर घ्या. जुन्या घरांत फेजची वायर प्रत्येकाची वेगळी नेलेली असते, पण न्यूट्रल जिथे सापडला तिथून जोडून घेतलेला असतो. चोरी पकडण्यासाठी बनवलेली काही मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त तो धरतात. मग शेजारच्याची वीज तुमच्या न्यूट्रलमधून परत जात असेल, तर ती तुमच्याही मीटरवर चढते आणि त्यांच्याही. अशा वेळी बेरीज मोठ्या मीटरपेक्षा जास्त येते. हीच तुमची खूण. बेरीज कमी आली तर वायर सबमीटरला वळसा घालून गेली आहे का ते बघायचं, जास्त आली तर न्यूट्रल. दुरुस्ती एकच: प्रत्येक घराची फेज आणि न्यूट्रल दोन्ही आपापल्या सबमीटरमधून निघून फक्त त्याच घरात जायला हव्यात. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच, घरी उघडून बघू नये. घरात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असेल तर मिसळलेल्या न्यूट्रलमुळे तो विनाकारण पडत राहतो, तीही एक खूण.

मीटर बदलायची वेळ आली तर आयएसआय शिक्का असलेलं घ्या. एसी-गीझर असलेल्या घराला 10-60 अँपियरचं, तुमच्यासारख्याला 5-30 चं पुरतं. सबमीटरची पेटी कुलूपबंद ठेवून एक किल्ली मालकांकडे आणि एक भाडेकरूंपैकी कुणाकडे द्या.

रीडिंगची तारीख हे दुसरं दुखणं. मोठं मीटर महावितरण 7 तारखेला वाचतं आणि तुम्ही सबमीटर 1 तारखेला वाचता, तर आठवडाभराचा वापर वेगळ्याच महिन्यात पडतो आणि फरक खोटाच फुगतो. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात. त्याच दिवशी चौघांनी मिळून चारही मीटरचे आणि मोठ्या मीटरचा असे फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. रीडिंगवाला कधी येतो ते नक्की नसलं तर महिन्याची ठरावीक तारीख धरा, पण मग मोठ्या मीटरचा आकडाही तुमच्या फोटोतला घ्या आणि तेवढ्या दिवसांचा दर बिलावरून काढा. एखाद्या महिन्यात मीटर वाचलंच गेलं नाही म्हणून सरासरीचं बिल आलं, तर त्या महिन्यात तुमच्या फोटोतल्या युनिटांच्या प्रमाणात वाटा आणि पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आल्यावर वजावट करा. दोन्ही बिलं एकत्र करून हिशेब केला की सोपं जातं.

बिलातल्या प्रत्येक ओळीचा वाटा युनिटांप्रमाणे पडत नाही. जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते मालकांचं. ती रक्कम त्यांच्या नावावर जमा राहते आणि त्यावर त्यांना व्याज मिळतं, म्हणून ती चौघांकडून मागायची नसते. मागची थकबाकी आणि त्यावरचं व्याज ज्याने उशीर केला त्याच्याकडून, आणि तो कोण हे ग्रुपवरच्या पैसे पाठवल्याच्या तारखांवरून दिसेल. वेळेत किंवा ऑनलाइन भरल्याची सूट मिळाली तर ती बिलातच वजा धरून वाटा.

तळमजल्यावर किंवा कुठेही कुणी शिवणकामाचं दुकान, पार्लर, पिठाची गिरणी असं काही सुरू केलं असेल, तर घरगुती मीटरवर ते चालवू नका. वापर वेगळ्या प्रकारचा असल्याचं निघालं तर कलम 126 खाली आकारणी दुप्पट दराने होते आणि ती एकाच मीटरवर येत असल्याने चौघांच्याही डोक्यावर बसते. त्या माणसाचं व्यावसायिक मीटर वेगळं घ्यायला सांगा.

कुणी महिन्याच्या मधे घर सोडून गेलं तर जायच्या दिवशीच रीडिंगचा फोटो घ्या आणि चालू बिलाची वाट न बघता मागच्या महिन्याच्या दराने पैसे ठेवून घ्या. नंतर खरं बिल आल्यावर फरक त्याला परत किंवा त्याच्याकडून, पण तेवढ्यासाठी अनामत अडवू नये. रिकामी खोली असेल तोवर तिचा स्थिर आकाराचा आणि सामायिक युनिटांचा वाटा मालकांनी उचलावा, ही अट नव्या करारात आत्ताच लिहून घ्या. करारात लिहिलेली नसेल, तर राहिलेल्या तिघांवर तो वाटा आपोआप पडतो आणि नंतर मालक मान्य करत नाहीत.